दोन घरगुती कंपन्यांचे विलीनीकरण : शेअर विनिमय गुणोत्तर कसे ठरते आणि नोंदणीकृत मूल्यांकनकार ते कसे तपासतो

सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतींत एका घराच्या दोन-तीन कंपन्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे. वडिलांनी फाउंड्री काढलेली असते, पुढे धाकट्याने शेजारच्या प्लॉटवर मशीन शॉप टाकलेले असते, आणि फाउंड्रीतले कास्टिंग भिंतीपलीकडे जाऊन तिथे मशीनिंगसाठी लागते. पंचवीस वर्षांनी बँक किंवा मोठा ग्राहक म्हणतो की दोन ताळेबंद कशाला, एकच कंपनी करा. तोवर दोन्हीकडचे भागधारक मात्र सारखे राहिलेले नसतात, आणि प्रश्न तिथेच उभा राहतो : फाउंड्रीचे शेअर रद्द झाल्यावर त्यांच्या बदल्यात मशीन शॉपचे किती शेअर द्यायचे?

या लेखात याच प्रसंगाचा विचार केला आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीचे वेगळे नियम असतात आणि मर्चंट बँकरचे न्याय्यता-मतही लागते. तो भाग इथे घेतलेला नाही. खालचे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण आमच्या भागातल्या कागदपत्रांत कोणत्या ना कोणत्या रूपात भेटते.

उदाहरणातली मांडणी

फाउंड्री कंपनीचे प्रत्येकी १० रुपयांचे १०,००,००० शेअर आहेत. त्यांपैकी थोरल्या भावाच्या कुटुंबाकडे ६० टक्के, धाकट्याच्या कुटुंबाकडे २५ टक्के आणि लग्न होऊन विट्याला गेलेल्या बहिणीकडे १५ टक्के आहेत. मशीन शॉप कंपनीचे प्रत्येकी १० रुपयांचे ४,००,००० शेअर असून त्यांत धाकट्याचे ७० टक्के आणि थोरल्याचे ३० टक्के आहेत. बहिणीचा एकही शेअर नाही. फाउंड्री मशीन शॉपमध्ये विलीन व्हायची आहे, म्हणजे नवे शेअर मशीन शॉप देणार आहे.

दोन्ही कंपन्यांत तिघांचा वाटा सारख्याच प्रमाणात असता, तर गुणोत्तर काहीही ठेवले तरी कोणाचे काही बिघडले नसते. वाटे वेगळे आहेत म्हणून गुणोत्तरातला दशांशसुद्धा एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. पूर्ण मालकीची उपकंपनी पालक कंपनीत विलीन होते तेव्हा नवे शेअर निघतच नाहीत, त्यामुळे तिथे या गणिताची गरज पडत नाही.

आधी मार्ग ठरवा, कारण मतांचे गणित तिथे बदलते

कंपनी कायदा २०१३ मध्ये विलीनीकरणाचे दोन मार्ग आहेत. कलम २३० ते २३२ खालचा मार्ग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातून जातो. आपल्याकडच्या कंपन्यांसाठी ते मुंबईचे पीठ. तिथे सभेत मत देणाऱ्या भागधारकांपैकी संख्येने बहुसंख्य आणि मूल्याने तीन-चतुर्थांश लोकांची संमती लागते. कलम २३३ खालचा जलद मार्ग लहान कंपन्यांना आणि सरकारने ठरवून दिलेल्या इतर काही वर्गांना खुला आहे. त्यात न्यायाधिकरणाऐवजी प्रादेशिक संचालकांकडे जावे लागते, पण एकूण शेअरांपैकी किमान ९० टक्के शेअरांच्या धारकांची मान्यता हवी.

आपल्या उदाहरणात हा फरक निर्णायक आहे. जलद मार्गात बहिणीने नुसती सही केली नाही तरी ८५ टक्क्यांवर गाडी थांबते. न्यायाधिकरणाच्या मार्गात मात्र दोन्ही भावांची कुटुंबे मिळून ८५ टक्के भरतात आणि माणसांची संख्याही त्यांच्याकडेच जास्त असते, म्हणजे बहिणीचे मत विरोधात पडूनही योजना सभेत मंजूर होते. तिच्या हातात मग दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे हरकत घेण्याचा अधिकार, जो कलम २३०(४) नुसार किमान १० टक्के शेअर असणाऱ्यालाच मिळतो आणि तिच्याकडे १५ टक्के आहेत. आणि दुसरी म्हणजे सभेच्या सूचनेसोबत येणारा मूल्यांकन अहवाल. ज्या भागधारकाचे मत मोजले तरी निकाल बदलत नाही, त्याच्यासाठी हा अहवाल लिहिलेला असतो, असे समजून तो वाचावा.

मूल्यांकनकार कोण असावा

कायद्याखाली मूल्यांकन लागते तिथे ते कलम २४७ नुसार नोंदणीकृत मूल्यांकनकारानेच करायचे असते. त्याची नेमणूक लेखापरीक्षण समिती करते आणि ती नसेल तर संचालक मंडळ. नोंदणी आयबीबीआयकडे, म्हणजे दिवाळखोरी मंडळाकडे होते आणि ती मालमत्तेच्या वर्गानुसार असते : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. गुणोत्तर काढायला तिसऱ्या वर्गाचा मूल्यांकनकार लागतो. कंपनीकडे मोठी जमीन असेल तर तिच्यापुरता पहिल्या वर्गाचा मूल्यांकनकार वेगळा नेमावा लागतो. वित्तीय मूल्यांकनकाराने रेडी रेकनरचा दर उचलून जमिनीची किंमत स्वतःच लिहून टाकली असेल, तर तो अहवालातला पहिला कच्चा दुवा.

मूल्यांकनकाराचा त्या मालमत्तेत नेमणुकीच्या आधी तीन वर्षे आणि मूल्यांकनानंतर तीन वर्षे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये. २०१७ च्या नियमांसोबतच्या आचारसंहितेत व्यवहार पार पडला तरच मिळणारी फी घ्यायला मनाई आहे आणि ‘सोयीचे मूल्यांकन’ करण्यालाही मनाई आहे. माझे मत याहून थोडे कडक आहे. दोन्ही कंपन्यांचे दरवर्षीचे हिशेब पाहणाऱ्या कार्यालयातूनच मूल्यांकनाचा अहवाल निघू नये, कारण ज्या आकड्यांवर आपण आधीच सही केलेली आहे त्यांच्याकडे संशयाने पाहणे माणसाला जमत नाही.

नेमणूकपत्रात दोन्ही कंपन्यांची मूल्यांकन तारीख एकच लिहून घ्यावी. एकीचे ३१ मार्चचे आणि दुसरीचे ३० सप्टेंबरचे आकडे धरून काढलेले गुणोत्तर म्हणजे एका धावपटूची वेळ शंभर मीटरवर आणि दुसऱ्याची दीडशेवर मोजण्यासारखे आहे.

पहिले कच्चे गणित आणि त्यातली खोट

अशा प्रसंगी घरातच आधी एक गणित झालेले असते. या उदाहरणातले ते असे आहे. फाउंड्रीचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, २.७६ कोटी रुपये. मशीन शॉपचा २.६४ कोटी. धंद्याची किंमत या नफ्याच्या पटीत मोजतात. फाउंड्रीला पाच पट आणि मशीन शॉपला सहा पट धरली, कारण ओतकामाचा धंदा वाहन उद्योगाच्या तेजी-मंदीबरोबर जास्त हेलकावे खातो आणि बाजारात नोंदलेल्या तशा कंपन्यांचे पटही कमी असतात. फाउंड्रीचे १३.८० कोटी झाले. त्यातून हातातली रोकड वजा जाता राहिलेले कर्ज ३.५० कोटी कमी केले आणि रिकाम्या प्लॉटची पुस्तकी किंमत १२ लाख मिळवली, की भागधारकांचे १०.४२ कोटी, म्हणजे शेअरमागे १०४.२० रुपये राहतात. मशीन शॉपचे १५.८४ कोटी, त्यातून निव्वळ कर्ज २.४० कोटी वजा, राहिले १३.४४ कोटी, म्हणजे शेअरमागे ३३६ रुपये. १०४.२० भागिले ३३६ म्हणजे सुमारे ०.३१.

ही आकडेमोड बरोबर आहे, पण तीत घातलेले आकडे तपासलेले नाहीत. मूल्यांकनकाराचे खरे काम इथून सुरू होते आणि ते बहुतांशी दोनच जागी अडकते.

पहिली जागा : भिंतीपलीकडे जाणाऱ्या कास्टिंगचा दर

फाउंड्री दरवर्षी सुमारे ६०० टन कास्टिंग मशीन शॉपला ८८ रुपये किलोने देते. त्याच ग्रेडचे, साधारण त्याच वजनाचे कास्टिंग ती बाहेरच्या ग्राहकाला ९४ रुपयांनी विकते. घरातल्या घरात सहा रुपये इकडे की तिकडे याला कोणी महत्त्व देत नाही. परंतु ६,००,००० किलोवर सहा रुपये म्हणजे वर्षाला ३६ लाखांचा नफा, जो फाउंड्रीने कमावला पण मशीन शॉपच्या पुस्तकात दिसतो.

इथे घाई करून पूर्ण ३६ लाख फिरवले तर तेही चुकीचे ठरेल. मूल्यांकनकाराने दोन्हीकडची बिले आणि बँक खाते समोरासमोर ठेवले, तेव्हा बाहेरचा ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो आणि मशीन शॉप १५ दिवसांत, असे दिसले. ७५ दिवसांच्या उधारीचा खर्च वर्षाला १० टक्क्यांनी धरला तर ९४ रुपयांवर तो जवळपास दोन रुपये येतो. म्हणजे सहापैकी दोन रुपयांना व्यापारी कारण आहे आणि उरलेल्या चार रुपयांना नाही. साचा घडवायचे पॅटर्न कोणाच्या मालकीचे आहेत, रिजेक्शनचा माल परत घेतला जातो का आणि वाहतूक कोणाच्या माथी आहे, हेही इथेच विचारायचे. या उदाहरणात त्या बाबी सारख्याच निघाल्या.

चार रुपये गुणिले ६,००,००० किलो म्हणजे २४ लाख. तेवढे फाउंड्रीच्या नफ्यात वाढवायचे आणि मशीन शॉपच्या नफ्यातून कमी करायचे. फाउंड्रीचा एबिटडा ३.०० कोटी झाला आणि मशीन शॉपचा २.४० कोटी. हीच कसोटी संचालकांच्या पगाराला, एकमेकांना दिलेल्या बिनव्याजी उसनवारीला आणि शेडच्या भाड्याला लावायची असते.

हा दुरुस्तीचा भाग वाचकाला अहवालात कसा ओळखता येईल? संबंधित पक्षांचे व्यवहार ताळेबंदाच्या टिपांमध्ये छापलेले असतात. तिथे दोन कंपन्यांमधली विक्री मोठी दिसत असूनही मूल्यांकन अहवालात तिच्या दराबद्दल एक ओळही नसेल, तर ती तपासणी झालेली नाही असे धरून प्रश्न विचारावा.

दुसरी जागा : रिकामा प्लॉट

फाउंड्रीच्या नावावर सांगलीत नदीच्या बाजूला एक बिगरशेती प्लॉट आहे. तो धंद्यात वापरला जात नाही, त्यामुळे नफ्याच्या पटीत त्याची किंमत कुठेच येत नाही आणि ती वेगळी मिळवावी लागते. पुस्तकात तो घेतलेल्या किमतीला, १२ लाखांना पडून आहे. थोरल्याचे म्हणणे होते, ‘साहेब, शेजारच्याने त्याच दराने विकला बघा, साडेतीन कोटीच्या खाली धरू नका.’

जमिनीच्या मूल्यांकनकाराने जागेवर जाऊन चतुःसीमा पाहिल्या आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर प्लॉट बसवून पाहिला. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला पूररेषा समजावून सांगायची गरज नाही. प्लॉटचा नदीकडचा भाग निळ्या रेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात येत होता आणि शेजाऱ्याचा विकलेला प्लॉट पूर्णपणे बाहेर होता. रेडी रेकनरच्या सरसकट दरात हा फरक उमटत नाही. म्हणून किंमत २.९० कोटी धरली गेली. प्लॉट विकल्यास भरावा लागणारा भांडवली नफ्याचा कर आणि किरकोळ खर्च मिळून ४० लाख वजा केल्यावर २.५० कोटी उरले. हा कर वजा करायचा की नाही यावर मूल्यांकनकारांत मतभेद असतात. प्लॉट खरोखर विकायचा विचार असेल तर वजा करणे योग्य, असे मला वाटते. मात्र दोन्ही बाजूंच्या अशा मालमत्तांना एकच नियम लावायला हवा.

औद्योगिक वसाहतीतला प्लॉट हा वेगळा मामला आहे. तो एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असतो, हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागते आणि कारखाना त्यावर चालू असतो. त्याची किंमत नफ्यातच मुरलेली आहे. ती वरून पुन्हा मिळवली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

पद्धती आणि त्यांचे वजन

दुरुस्त आकड्यांवर बाजार पद्धतीने, म्हणजे वरच्याच नफ्याच्या पटींनी, फाउंड्रीचे १५.०० कोटी वजा ३.५० अधिक २.५०, म्हणजे १४.०० कोटी होतात. शेअरमागे १४० रुपये. मशीन शॉपचे १४.४० वजा २.४०, म्हणजे १२.०० कोटी, शेअरमागे ३०० रुपये.

उत्पन्न पद्धतीत पुढच्या वर्षांतला रोख प्रवाह आजच्या किमतीत आणतात. व्यवहारात तिला डीसीएफ म्हणतात. या पद्धतीत अंदाज व्यवस्थापन देते आणि तिथेच हात मारायला जागा असते. मशीन शॉपच्या अंदाजात पाच वर्षे दरसाल १८ टक्के वाढ लिहिलेली होती. पाच वर्षांत विक्री सुमारे २.३ पट होते. पण त्याच अंदाजात नवे एकही मशीन घेतलेले नव्हते आणि सध्याची मशीन दोन पाळ्यांत चालत होती. तिसरी पाळी लावली तरी उत्पादन फार तर दीडपट होईल. त्यापुढचे काम कशावर होणार? मूल्यांकनकाराने हा प्रश्न लेखी विचारला, दुरुस्त अंदाज मागवला आणि त्यात नवीन मशीनचा खर्च व वाढीचा कमी दर आल्यावर शेअरची किंमत ३६५ वरून ३०० रुपयांवर आली. फाउंड्रीची याच पद्धतीने १३० रुपये आली. व्यवस्थापनाचे अंदाज ‘आम्ही गृहीत धरले आहेत’ एवढेच वाक्य लिहून मूल्यांकनकार पुढे गेला असता, तर ते पासष्ट रुपये कोणाच्या लक्षातही आले नसते.

मालमत्ता पद्धतीने, म्हणजे मालमत्तेच्या किमतीतून देणी वजा करून, फाउंड्रीचे शेअरमागे ९५ रुपये आणि मशीन शॉपचे १५० रुपये येतात. अहवालातला अंतिम तक्ता साधारण असा दिसतो :

| पद्धत | फाउंड्री, रु. | वजन | मशीन शॉप, रु. | वजन |
|---|---|---|---|---|
| मालमत्ता | ९५ | ० | १५० | ० |
| उत्पन्न | १३० | ५० टक्के | ३०० | ५० टक्के |
| बाजार | १४० | ५० टक्के | ३०० | ५० टक्के |
| शेअरची सापेक्ष किंमत | १३५ | | ३०० | |

१३५ भागिले ३०० म्हणजे ०.४५. फाउंड्रीच्या दर २० शेअरांमागे मशीन शॉपचे ९ शेअर.

मालमत्ता पद्धतीला शून्य वजन का, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे. एकट्या त्या पद्धतीने गुणोत्तर ०.६३ येते आणि थोरल्याला तेच हवे होते. दोन्ही कंपन्या चालू आहेत, नफ्यात आहेत, आणि मशीन शॉप कमी मालमत्तेवर जास्त कमावते. चालता धंदा विकत घेणारा कोणी भट्टी आणि शेडच्या किमती मोजत बसत नाही, म्हणून शून्य. एखादी कंपनी सतत तोट्यात असती किंवा तिच्याकडे फक्त जमीन असती, तर उत्तर उलटे आले असते. फाउंड्रीला मालमत्ता पद्धत आणि मशीन शॉपला नफ्याची पद्धत, अशी सरमिसळ भक्कम कारणाशिवाय चालत नाही, कारण आपल्याला दोन किमतींपेक्षा त्यांचे परस्पर प्रमाण हवे असते. याच कारणाने बाजारात न विकता येणाऱ्या शेअरसाठीची सूट दोन्हीकडे सारखी लावली तर गुणोत्तरावर तिचा परिणाम होत नाही : २० टक्के सूट लावून १०८ भागिले २४० केले तरी ०.४५ च येते. ती एकीकडेच लावलेली दिसली तर थांबून वाचावे. बहिणीचा वाटा लहान आहे म्हणून फक्त तिच्या शेअरची किंमत कमी धरणे तर बसतच नाही. एका वर्गाच्या सगळ्या शेअरांना एकच गुणोत्तर लागू होते.

गुणोत्तर बदलले की काय काय बदलते

०.४५ ने फाउंड्रीच्या भागधारकांना ४,५०,००० नवे शेअर मिळतात आणि एकूण शेअर ८,५०,००० होतात. बहिणीच्या १,५०,००० शेअरांचे ६७,५०० होतात, म्हणजे ७.९४ टक्के. आधी तिच्याकडे १३.५० कोटींच्या फाउंड्रीतले १५ टक्के, म्हणजे २.०२५ कोटी होते, नंतर २५.५० कोटींच्या एकत्र कंपनीतले ७.९४ टक्के, म्हणजे पुन्हा तेवढेच. टक्केवारी उतरली तरी किंमत टिकली. न्याय्य गुणोत्तराची साधी पडताळणी हीच, आणि ती घरी वहीवर करता येते.

कच्च्या गणितातल्या ०.३१ ने तिला ४६,५०० शेअर मिळाले असते, एकूण ७,१०,००० पैकी ६.५५ टक्के, म्हणजे १.६७ कोटी. सुमारे साडेपस्तीस लाख रुपये तिच्या हातून गेले असते आणि कोणाच्या खात्यातून एक रुपयाही हललेला दिसला नसता.

दुसरा परिणाम पैशांपेक्षा खोल आहे. ०.४५ ने धाकट्याच्या कुटुंबाचे ३,९२,५०० शेअर, म्हणजे ४६.१८ टक्के होतात आणि थोरल्याचे ३,९०,०००, म्हणजे ४५.८८ टक्के, दोघांपैकी कोणीही अर्ध्यावर नाही आणि तोल बहिणीच्या हातात. ०.३१ ने मात्र धाकट्याचे ३,५७,५०० शेअर म्हणजे ५०.३५ टक्के होतात. हिशेब मांडला तर सीमा ०.३२ वर येते : गुणोत्तर त्याखाली गेले की कंपनीचा ताबा एका घराकडे जातो. मूल्यांकनकाराला हा हिशेब माहीत असला तरी तो त्याच्या उत्तरात शिरता कामा नये. भागधारकाने मात्र तो आधीच करून ठेवावा, म्हणजे एखादे गृहीतक इतक्या हिरिरीने का रेटले जात आहे ते समजते.

अहवाल हातात आल्यावर काय पाहावे

नियम ८ मध्ये अहवालात काय असावे याची यादी दिली आहे : उद्देश, नेमणूक, मूल्यांकन आणि अहवाल या तिन्हींच्या तारखा, केलेल्या पाहण्या, माहितीचे स्रोत, वापरलेली पद्धत, हितसंबंधांचा खुलासा आणि निष्कर्ष. मर्यादाही लिहिता येतात, पण स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी नाही, असे नियमातच म्हटले आहे. पंधरा पानांच्या अहवालात सहा पाने जबाबदारी नाकारणारी आणि पाहणीबद्दल एकच ओळ असेल, तर वजन कुठे आहे ते दिसतेच. मी स्वतः प्रथम शेवटून दुसरे पान उघडतो. वजनांचा तक्ता तिथे असतो, आणि ‘व्यावसायिक निर्णयानुसार’ यापलीकडे वजनांचे कारण दिलेले नसेल तर बाकीचा अहवाल सावधपणे वाचतो. उत्तर ठरवून मग वजने बसवली असावीत, याची खूण म्हणजे ३७.५ टक्क्यांसारखे विचित्र आकडे आणि त्यातून निघालेले नेटके गुणोत्तर.

त्यासोबत संचालकांचा अहवाल मागावा. कलम २३२(२) नुसार त्यात विलीनीकरणाचा प्रत्येक वर्गाच्या भागधारकांवर, प्रवर्तक आणि बिगरप्रवर्तक दोघांवर होणारा परिणाम, गुणोत्तर आणि मूल्यांकनात काही विशेष अडचणी आल्या असल्यास त्या सांगाव्या लागतात. कास्टिंगचा दर आणि पूररेषेतला प्लॉट या दोन्ही गोष्टी तिथे असायला हव्यात. नसतील तर सभेपूर्वी लेखी विचाराव्यात आणि पोच घ्यावी.

न्यायाधिकरणात हरकत नेण्याआधी एक मर्यादा लक्षात ठेवावी. हिंदुस्तान लिव्हर आणि टॉमको यांच्या विलीनीकरणाच्या १९९४ च्या निकालात आणि मफतलाल इंडस्ट्रीजच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गुणोत्तर हा तज्ज्ञांचा विषय आहे, आणि न्यायालय अपिलात बसल्याप्रमाणे आकडेमोड पुन्हा करणार नाही. त्यामुळे ‘०.४५ ऐवजी ०.४८ हवे होते’ ही हरकत सहसा टिकत नाही. दोन कंपन्यांमधला दर तपासलाच नाही, मूल्यांकन तारखा वेगळ्या होत्या, मूल्यांकनकाराचा हितसंबंध लपवला, भागधारकांना दिलेली माहिती अपुरी होती, या प्रकारच्या हरकतींना मात्र वजन असते, कारण त्या उत्तरापेक्षा उत्तराकडे जाण्याच्या वाटेवर बोट ठेवतात.

अहवालानंतर योजनेत लिहायच्या अटी

मूल्यांकन तारखेपासून योजना अमलात येईपर्यंत बरेच महिने जातात आणि तेवढ्या काळात गुणोत्तर शिळे होऊ शकते. समजा, मधल्या काळात मशीन शॉपने एक कोटी रुपये लाभांश वाटला. तिची किंमत ११ कोटींवर, शेअरमागे २७५ रुपयांवर येते आणि गुणोत्तर ०.४९ व्हायला हवे. पण योजनेत ०.४५ छापलेले असते, आणि लाभांश फक्त जुन्या भागधारकांच्या घरी गेलेला असतो. मशीन शॉपने एकास एक बोनस दिला तर फाउंड्रीवाल्यांना ०.९० मिळायला हवे. म्हणून योजनेतच लिहून घ्यावे की मधल्या काळात दोन्ही कंपन्यांनी लाभांश, बोनस किंवा नवे शेअर देऊ नयेत, आणि दिलेच तर गुणोत्तर त्या प्रमाणात बदलेल. बदल मोठा असेल तर मूल्यांकनकाराकडून पूरक अहवाल घ्यावा.

अपूर्णांकांचीही सोय करावी लागते. २० ला ९ या प्रमाणात १३० शेअर असलेल्या काकूंचे ५८.५ होतात. असे सगळे अर्धे-पाव एकत्र करून एका विश्वस्ताच्या नावे द्यायचे, त्याने ते विकायचे आणि पैसे वाटायचे, ही रूढ पद्धत आहे. घरगुती कंपनीत हे शेअर विकत घेणारे दोन भाऊच असतात, तेव्हा कोणत्या किमतीला विकायचे हेही योजनेत लिहावे, आणि ती किंमत मूल्यांकन अहवालातलीच, म्हणजे ३०० रुपये, ठेवावी.

दोन्ही कंपन्यांच्या शेअरची दर्शनी किंमत वेगळी असेल, उदाहरणार्थ एकीची १० आणि दुसरीची १००, तर गुणोत्तराच्या वाक्यात दोन्ही दर्शनी किमती लिहाव्यात. या उदाहरणापुरते ते वाक्य असे होईल : ‘विलीन होणाऱ्या कंपनीच्या प्रत्येकी १० रुपये दर्शनी किमतीच्या, पूर्ण भरणा झालेल्या दर २० समभागांमागे, सामावून घेणाऱ्या कंपनीचे प्रत्येकी १० रुपये दर्शनी किमतीचे, पूर्ण भरणा झालेले ९ समभाग.’